दोन ते तीन: एका तासाच्या कथेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दीर्घकथेचे आहे. लेखिका तालुक्याच्या गावी वकिली करतात. त्यांची ओळख कळू नये म्हणून गाव, पक्ष आणि पात्रांची नावे बदलली आहेत. दिवाळी अंकासाठी त्यांनी कथा पाठवली आणि संपादनासाठी ती माझ्याकडे आली.

कथेचे बीज 2024 च्या विधानसभा निवडणुकीतले. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर होता आणि त्याच दिवशी धनत्रयोदशी होती. बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि तहसील कचेरीसमोर कार्यकर्त्यांची झुंबड. कथा बरोबर दोन वाजता सुरू होते आणि तीनला संपते. सुनंदा पहिल्यांदाच निवडणूक लढवते आहे. पक्षाने तिकीट द्यायचे कबूल केले आहे, पण ती पक्षाची अधिकृत उमेदवार असल्याचे सांगणारा एबी फॉर्म अजून हातात आलेला नाही. तो घेऊन एक गाडी जिल्ह्याच्या गावाहून निघाली आहे.

मुदतीच्या कथेसाठी याहून चांगली मुदत मिळणे अवघड, कारण ती लेखकाने कल्पिलेली नसून कायद्याने घातलेली आहे. अर्ज अकरा ते तीन या वेळेतच घेतले जातात. एबी फॉर्मही शेवटच्या दिवशी तीनच्या आतच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. त्यावर शाईची सही लागते, शिक्का किंवा छायाप्रत चालत नाही. म्हणजे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून सुटका नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर नाव सुचवून सही करणारा एकच मतदार, म्हणजे एकच सूचक पुरतो, अपक्षाला मात्र त्याच मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात. एका सूचकाच्या जोरावर भरलेला अर्ज एबी फॉर्म न आल्यास छाननीत बाद होतो. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात, त्यामुळे दहा सूचकांचा दुसरा अर्ज भरून ठेवण्याची वाट असते. कथेचा सगळा जीव या वाटेत आहे.

अडचण

पहिला खर्डा साडेअकरा हजार शब्दांचा होता. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर वेळ छापलेली होती: 2.04, 2.07, 2.11. भाषा चांगली होती, कचेरीचे वातावरण डोळ्यांसमोर उभे राहत होते. तरीही वाचताना घाई जाणवत नव्हती. तीन वाजले तेव्हा ते वाजले याचे काही वाटले नाही.

नेमके काय बिनसले आहे ते शोधायला मी एक साधा उपाय केला. हस्तलिखितातल्या सगळ्या वेळा खोडल्या आणि तिघा वाचकांना ते देऊन सांगितले, की प्रत्येक पानाच्या समासात तुम्हाला किती वाजले असतील ते लिहा. मधल्या पानांवर तिघांची उत्तरे एकमेकांपासून वीस-पंचवीस मिनिटे लांब होती. याचा अर्थ घड्याळ फक्त मथळ्यांत होते, प्रसंगांत नव्हते. मथळे तर वाचक दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून वाचेनासेच होतात.

मग प्रत्येक प्रसंगाचे शब्द मोजून ते कथेतल्या मिनिटांशी ताडून पाहिले. पहिल्या दहा मिनिटांना चार हजार शब्द मिळाले होते, कारण त्यांत सुनंदाचे माहेर, सासऱ्यांचे राजकारण, नवऱ्याने पक्षासाठी घातलेली वर्षे असे सगळे आठवणींतून आले होते. शेवटच्या दहा मिनिटांच्या वाट्याला जेमतेम नऊशे शब्द होते. जिथे एकेक मिनिट मोलाचे, तिथे कथा धावत सुटली होती. जिथे वेळ हाताशी होता, तिथे ती रेंगाळत होती. मुदतीच्या कथांत हा दोष मला वारंवार दिसतो, आणि वाचून तो सहसा पकडता येत नाही. मोजल्यावर लगेच सापडतो.

तिसरी गोष्ट गाडीची. अर्धी कथा गाडीत बसलेल्या निरोप्याच्या नजरेतून होती. ती गाडी दोन दहाला एका फाट्यावर आणि सव्वादोनला तिथून अठरा किलोमीटरवरच्या गावात होती. पाच मिनिटांत अठरा किलोमीटर म्हणजे तासाला दोनशेहून अधिक वेग. राज्य महामार्गावर, तोही धनत्रयोदशीच्या दिवशी! गणित वाचक करत नाही, पण असा खोटेपणा त्याला कुठेतरी जाणवतो आणि तिथून पुढे तो लेखकाच्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही.

कोणते पर्याय होते

लेखिकेसमोर तीन वाटा होत्या. एक म्हणजे कथेची लांबी वाचनाच्या वेळेशी जुळवणे, म्हणजे मोठ्याने वाचायला साठ मिनिटे लागतील एवढीच कथा ठेवणे. कल्पना मोहक होती. त्यांनी स्वतःचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून पाहिला. मिनिटाला साधारण 130 शब्द पडत होते, म्हणजे साठ मिनिटांना सुमारे 7,800 शब्द. पण असे केल्यावर प्रत्येक मिनिटाला सारखेच शब्द द्यावे लागले असते. संकटात सापडलेल्या माणसाला वेळ असा सारखा जाणवत नाही. रांगेत उभे राहिलेली दहा मिनिटे दोन ओळींत संपतात आणि एका सहीला पानभर लागते. ही वाट आम्ही सोडली.

दुसरी वाट होती गाडी आणि कचेरी आलटून पालटून दाखवत राहण्याची. पडद्यावर हे छान जमते. कागदावर मात्र दर वेळी जागा बदलली की वाचकाला पुन्हा बस्तान बसवावे लागते आणि त्या अवधीत घड्याळ थांबते. शिवाय गाडी कुठे आहे हे वाचकाला दिसत असेल, तर कचेरीत वाट पाहणाऱ्यांच्या अस्वस्थतेत तो सामील होऊच शकत नाही. लेखिकेला निरोप्याचे पात्र फार आवडले होते आणि ते काढायला त्या आठवडाभर तयार नव्हत्या. अखेर त्यांनीच ते काढले. नव्या खर्ड्यात गाडी फक्त फोनवर ऐकू येते: 'फाटा सोडला', 'पुढं ट्रॅक्टर आडवा आलाय', आणि मग बराच वेळ उचललाच न जाणारा फोन.

तिसरी वाट म्हणजे तीनपासून मागे मोजत येणे. ती आम्ही धरली.

काय केले

लेखिकेने एक कोरा कागद घेतला, तळाशी तीन लिहिले आणि उलट्या दिशेने वर चढत गेल्या. अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद देऊन घ्यायला दोन मिनिटे. कचेरीपासून शंभर मीटरच्या रेषेवर गाडी थांबवतात. तिथून चालत येऊन फाटकावरच्या पोलिसांच्या तपासणीतून आत जायला चार मिनिटे. नाक्यापासून त्या रेषेपर्यंत मधला बाजार ओलांडायला, गर्दी धरून, नऊ मिनिटे. बेरीज पंधरा. म्हणजे गाडी पावणेतीनपर्यंत नाक्यावर आलीच पाहिजे.

पण कुणाच्या घड्याळाने? दालनातले भिंतीवरचे घड्याळ मोबाईलच्या दोन मिनिटे पुढे आहे आणि अधिकारी तेच पाहतात, असे लेखिकेने ठरवले. म्हणजे खरी मर्यादा दोन त्रेचाळीस. हे घड्याळ मागे ठेवण्याचा मोह त्यांना झाला होता, कारण शेवटी दोन मिनिटे हाताशी राहिली असती. मी त्याला ठाम विरोध केला. योगायोगाने पात्राचा वेळ हिरावला तर वाचक तो मान्य करतो. योगायोगाने वेळ बहाल केला तर त्याला फसवल्यासारखे वाटते. घड्याळ पुढे असल्याचे नव्या खर्ड्यात दोन सहालाच कळते. एक शिपाई स्टुलावर चढून ते पुसतो आणि सहज सांगून जातो.

दुसरा हिशेब सूचकांचा. प्रत्येक सूचकाचे नाव मतदार यादीत शोधायचे, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जावर लिहायचा, माणसाला गाठून सही घ्यायची. एका नावाला तीन मिनिटे धरली तरी दहांना अर्धा तास. तो अर्ज घेऊन आत जायला आणखी पाच मिनिटे. भिंतीवरच्या घड्याळाची दोन मिनिटे इथेही वजा. म्हणजे दोन तेवीसच्या आत हे काम सुरू झाले नाही, तर ती वाट आपोआप बंद.

आता कथेत एकाऐवजी तीन मुदती झाल्या: दोन तेवीस, दोन त्रेचाळीस आणि तीन. पहिल्या दोन मुदतींना कुणी घंटा वाजवत नाही. त्या वाचकाला आधीच ठाऊक असतात आणि पात्रे दुसऱ्याच कामात गुंतलेली असतात. माझ्या मते या कथेतला ताण इथून येतो. दोन एकोणपन्नासला फोन येतो, 'नाक्यावर पोचलो, पाच मिनिटांत आलोच', तेव्हा 'आता उशीर झाला' हे लेखिकेला लिहावे लागत नाही. वाचकाने वजाबाकी आधीच केलेली असते.

मजकूर प्रत्यक्षात कसा बदलला ते दाखवणारे दोन उतारे देतो. त्यांतला अक्षय म्हणजे सुनंदाचा भाचा, आणि वकील म्हणजे तिचा अर्ज भरणारे वकील. पहिल्या खर्ड्यात चहाच्या टपरीवरचा प्रसंग असा होता:

'दोन वाजून त्रेचाळीस मिनिटे झाली होती. अक्षयच्या कपाळावर घाम आला. वेळ वाऱ्यासारखा पळत होता. आता काय होणार, या विचाराने त्याचे हातपाय गार पडले.'

नव्या खर्ड्यात त्याच जागी हे आले:

'सातवं नाव सापडलं तेव्हा वकिलांनी यादीचं पान दुमडून गुडघ्याखाली धरलं. "भाग एकशे बारा. लिही." अक्षयनं लिहिलं. टपरीवाल्यानं दुसरा चहा ठेवला, पहिल्यावर साय धरली होती. "वाण्याच्या दुकानातला पोरगा येतो म्हणाला होता ना?" "गिऱ्हाईक आहे म्हणतोय. धनतेरस आहे म्हणतोय." वकिलांनी पान उलटलं.'

दुसऱ्या उताऱ्यात घड्याळ नाही. पण सातवे नाव म्हटल्यावर तीन शिल्लक, आणि एका नावाला किती मिनिटे लागतात हे वाचकाला माहीत आहे. न प्यायलेला चहाही किती वेळ गेला ते सांगतो. मिनिटांचा उल्लेख अख्ख्या कथेत आता पाच ठिकाणी उरला आहे आणि पाचही वेळा तो एखाद्या पात्राच्या तोंडून येतो.

पूर्वकथा सगळी गेली नाही. जी माहिती पुढच्या निर्णयाला लागते तेवढी ठेवली आणि ती कामाच्या ओघात आणली. नवऱ्याने पक्षासाठी घातलेली वर्षे आता एका वाक्यात येतात: पदाधिकाऱ्याशी बोलताना तो अजूनही उभाच राहतो.

निर्णयाच्या जागा

कथेतला पहिला निर्णय दोन बावीसला, कचेरीच्या व्हरांड्यात होतो. सुनंदा भाच्याला म्हणते, 'दहा माणसं बघ. कुणाला सांगू नको.' पहिल्या खर्ड्यात हे काम तिने सकाळीच सोपवले होते. ते पुढे आणून या तासात बसवल्याबरोबर त्याची किंमत वाढली. अपक्षाची तयारी चालली आहे हे तालुक्याच्या पदाधिकाऱ्यांना कळले, तर एबी फॉर्म दुसऱ्याच्या नावाने जाऊ शकतो. जीव वाचवण्याचा उपायच जिवावर उठू शकतो, म्हणून निर्णय घेतल्यावर घोर कमी न होता वाढतो. मुदतीच्या कथेत एखाद्या निर्णयाने पात्राला मोकळा श्वास मिळत असेल, तर तो निर्णय बहुधा तासाच्या बाहेर घ्यायला हवा होता.

दुसरी जागा पाचव्या माणसाची. उमेदवार धरून पाचच जणांना दालनात जाता येते. आत सुनंदा, तिचा नवरा, एबी फॉर्म स्वीकारायला बसलेले दोन पदाधिकारी आणि शेवटी अर्ज घेऊन आलेले वकील. दहावा सूचक ऐन वेळी माघार घेतो आणि त्याच्या जागी अनसाबाई मिळतात. त्या सही करत नाहीत, अंगठा देतात. अंगठा मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. म्हणजे अनसाबाई आत आल्या पाहिजेत आणि आत जागा नाही.

हा पेच लेखिकेला सुचला तेव्हा आम्ही दोघेही खूश होतो. पण पुढच्या वाचनात एका वाचकाने समासात लिहिले, 'मग एकाला बाहेर पाठवा की.' प्रश्न रास्त होता. पेच खरा असेल तर त्यातून बाहेर पडण्याचा सोपा मार्ग कथेनेच वाचकासमोर ठेवून तपासला पाहिजे. लेखिकेने तसेच केले. वकील जाऊ शकत नाहीत, कागद त्यांच्याकडे आहेत. पदाधिकाऱ्याला उठवावे तर कारण सांगावे लागेल. उरतो नवरा. पक्षाच्या गाडीशी फोनवर बोलत असलेला, फॉर्म येणारच असे सांगत असलेला नवरा. दोन एक्कावन्नला सुनंदा त्याला म्हणते, 'तुम्ही बाहेर थांबा.' तो विचारतो, 'फॉर्म कोण घेणार?' ती उत्तर देत नाही. हेच कथेचे टोक. ते एका नियमातून आणि एका खुर्चीतून आले, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते.

तिसरी जागा शेवटाची. पहिल्या खर्ड्यात गाडी दोन एकोणसाठला पोचत होती, आणि त्यानंतर निकालाच्या दिवसाचे चार पानांचे प्रकरण होते. दोन्ही गेले. आता भिंतीवरच्या घड्याळात दोन अठ्ठावन्न झाले असताना नवरा शंभर मीटरच्या रेषेवर फॉर्म हातात घेतो आणि धावत सुटतो. फाटकावर तपासणी चालू असताना आत भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजतात. दालनात हजर असलेल्यांचे अर्ज घेतले जातात आणि दार लावले जाते. अनसाबाई अंगठ्याची शाई पदराला पुसत बसल्या आहेत. सुनंदा जिंकली की हरली हे कथा सांगत नाही, आणि ते सांगण्याची जबाबदारीही या तासावर नाही. छाननीचा प्रसंग ठेवावा असा माझा आग्रह होता. लेखिकेने तो मानला नाही, आणि छापील कथा वाचताना त्यांचेच बरोबर वाटते.

परिणाम

अखेरचा खर्डा साडेनऊ हजार शब्दांचा झाला. पहिल्या बावीस मिनिटांना सव्वीसशे, त्यापुढच्या बावीस मिनिटांना चौतीसशे आणि शेवटच्या सोळा मिनिटांना पस्तीसशे. म्हणजे सुरुवातीला वाचक घड्याळाच्या किंचित पुढे असतो आणि शेवटी बराच मागे पडतो. सोळा मिनिटांचा भाग मोठ्याने वाचायला जवळपास सत्तावीस मिनिटे लागतात. वेळ संपत चालला असताना वाचन मंदावते, त्यामुळे एकेक हालचाल जड होत जाते.

वेळा खोडण्याची चाचणी नव्या तीन वाचकांवर पुन्हा घेतली. या वेळी मधल्या पानांवरची उत्तरे चार-पाच मिनिटांच्या फरकाने जुळली, आणि सातव्या नावाच्या पानावर तिघांनीही पावणेतीनच्या आसपासची वेळ लिहिली. अंकाच्या संपादकांनी कथा जवळजवळ जशीच्या तशी छापली. निवडणुकीच्या कामाचा अनुभव असलेल्या एका निवृत्त नायब तहसीलदारांना छपाईआधी ती वाचायला दिली होती. त्यांनी दोन शब्द बदलायला सांगितले, नियमांबाबत हरकत घेतली नाही.

पुन्हा लिहायची झाली तर

पहिली बावीस मिनिटे अजूनही नियमांनी जड आहेत. शाईची सही, एक सूचक की दहा, पाच माणसे, शंभर मीटर हे सगळे वाचकाला आधी कळायलाच हवे, नाहीतर पुढची वजाबाकी होणार नाही. पण सध्या वकील ते भाच्याला समजावून सांगतात आणि तिथे संवाद वर्गातल्यासारखा होतो. यातले दोन नियम तरी दुसऱ्या कुणावर तरी तुटताना दाखवता आले असते. दुसऱ्या पक्षाचा एखादा उमेदवार एबी फॉर्मची झेरॉक्स घेऊन येतो आणि परत पाठवला जातो, सहावा माणूस दारातून मागे हटवला जातो. आठ-दहा ओळींत नियमही कळला असता आणि अधिकारी नियमाला पक्के आहेत हेही.

दुसरे, दोन बावीस ते दोन तीसच्या दरम्यान सुनंदा कथेतून जवळपास नाहीशी होते, कारण कॅमेरा टपरीवर जातो. ती तेव्हा दालनात रांगेत बसलेली आहे. तिथे तिच्याकडे करायला काही नाही, म्हणून लेखिकेने ती आठ मिनिटे सोडून दिली. मला वाटते, पदाधिकाऱ्यांच्या शेजारी चेहरा सरळ ठेवून बसणे हेच तिचे त्या वेळचे काम होते. त्यातला एक जण तिला विचारू शकला असता, 'भाचा दिसत नाही तुमचा?' लेखिका पुढच्या आवृत्तीसाठी हा प्रसंग लिहीत आहेत. त्याला साडेतीनशे शब्दांहून अधिक जागा द्यायची नाही, असे आमचे ठरले आहे, नाहीतर मधल्या बावीस मिनिटांचे प्रमाण पुन्हा बिघडेल.